‘गरीबखाना’ कळतो त्याला ‘हेइशा’ही कळेल

मिरजेला आमच्या घरी कुणी पाहुणा आला की नानी म्हणायची, ‘हमारे गरीबखाने पे तशरीफ लाए, बडी मेहरबानी.’ घर चांगलं दोन मजली होतं. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर ही सगळी भाषा नवाबी थाटाची, कामाला निरुपयोगी वाटायला लागली. आपल्याला मशीन डिझाइन करायचंय, मुशायऱ्यात बसायचं नाही, असा एक तोरा होता.

तो तोरा उतरला जपानी भाषेमुळे, आणि तोही एका परीक्षेत कमी गुण पडल्यावर. आपल्या मुलामुलींपैकी बरेच जण आता पुण्यात जपानी शिकत आहेत. कुणी मेकॅनिकलचे, कुणी आयटीचे. जपानमध्ये इंजिनिअर म्हणून जायचं हे स्वप्न आता फक्त मोठ्या घरांतलं राहिलेलं नाही. म्हणून माझं मत स्पष्टच सांगतो. आपण या भाषेची तयारी उलट्या टोकाकडून करतो आहोत. शब्दांच्या याद्या पाठ करतो आणि अदब नंतर बघू म्हणतो. कामाच्या जपानीत अदब हा तांत्रिक शब्दसंग्रहाचाच भाग आहे. तो चुकला तर ड्रॉइंग चुकतं.

आधी परीक्षेबद्दल. जेएलपीटी सगळ्यांना माहीत असते. एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये. ती सर्वसाधारण भाषेची परीक्षा आहे. दुसरी एक परीक्षा आहे, तिचं नाव आपल्या क्लासमध्ये क्वचित ऐकू येतं: बीजेटी, म्हणजे बिझनेस जपानीची परीक्षा. ही १९९६ मध्ये जेट्रो या जपानी सरकारी व्यापार संस्थेने सुरू केली. आता ती कांजी परीक्षा घेणारी जपानी संस्था चालवते आणि पीअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर संगणकावर बसून देता येते. एकूण ८० प्रश्न, सगळे पर्यायी. पहिल्या भागात फक्त ऐकायचं, दुसऱ्यात ऐकता ऐकता समोरचा कागद किंवा तक्ता वाचायचा, तिसऱ्यात फक्त वाचायचं. पास-नापास नाही. शून्य ते ८०० गुण, आणि त्यावरून श्रेणी: ३२० पासून जे-३, ४२० पासून जे-२, ५३० पासून जे-१, ६०० पासून जे-१ प्लस. जपानच्या ‘उच्च कुशल व्यावसायिक’ व्हिसाच्या गुणपद्धतीत एन-२ ला जे १० गुण मिळतात तेच बीजेटीतल्या ४०० ला, आणि एन-१ चे १५ गुण बीजेटीतल्या ४८० ला.

मी एन-२ पास झाल्यावर ही परीक्षा दिली. वाटलं होतं, आरामात ४५० येतील. आले ३५८. व्याकरण येत होतं, कांजी येत होती, प्रश्नातला प्रत्येक शब्द ओळखीचा होता. तरीही चार पर्यायांतला योग्य कोणता हे कळत नव्हतं. तेव्हा सापडलेली अडचण पुढे नोकरीतही रोज भेटली, म्हणून तीच जरा नीट उलगडून सांगतो.

त्या परीक्षेत येतो त्या धाटणीचा एक प्रश्न मी स्वतः रचून देतो. तुम्ही एका कंपनीच्या डिझाइन विभागात आहात. ग्राहक कंपनीतून सातो-सान यांचा फोन येतो. सुधारलेल्या ड्रॉइंगबद्दल त्यांना तुमचे विभागप्रमुख तानाका यांच्याशी बोलायचं आहे. तानाका जागेवर नाहीत. तुम्ही काय म्हणाल?

पहिला पर्याय: ‘तानाका काचो वा इमा इराश्शाइमासेन.’ काचो म्हणजे विभागप्रमुख. इराश्शारु हे ‘असणे, येणे, जाणे’ यांचं आदरार्थी रूप. दुसरा पर्याय: ‘तानाका-सान वा इमासेन.’ म्हणजे तानाकाजी नाहीत. तिसरा: ‘मोशिवाके गोझाइमासेन. तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.’ माफ करा, तानाका सध्या जागेवरून उठला आहे. चौथा: तिसऱ्यासारखाच, फक्त शेवटी ओरिमासुच्या जागी इराश्शाइमासु.

मी पहिला निवडला असता. तानाका माझे साहेब, वयाने मोठे. त्यांच्या नावापुढे हुद्दा लावून आदरार्थी क्रियापद वापरलं, यात चूक ती काय? पण बरोबर उत्तर तिसरं आहे. त्यात तानाकांच्या नावाला ‘सान’ही नाही, ‘काचो’ही नाही, आणि क्रियापद चक्क नम्रतेचं, म्हणजे स्वतःला खाली ठेवणारं आहे. साहेबांना आपण एकेरीत आणलं!

याचं कारण असं. आपल्याकडे, मराठीत काय आणि उर्दूत काय, आदर माणसाला चिकटलेला असतो. अब्बांविषयी मी कुणाशीही बोललो, तरी ‘अब्बा बाहेर गेलेत’ असंच म्हणेन. ‘गेलाय’ म्हणणार नाही. समोर तालुक्याचा तहसीलदार असला तरी नाही. जपानीत आदर माणसाला नाही, दिशेला असतो. आत कोण आणि बाहेर कोण हे आधी ठरतं. आतल्याला उचि म्हणतात, बाहेरच्याला सोतो. ग्राहकाशी बोलताना माझी सगळी कंपनी, अगदी मालकासकट, ‘आत’ येते. आणि आतल्या माणसाला बाहेरच्यासमोर वर उचलायचं नसतं. त्याच तानाकांशी मी ऑफिसात बोलेन तेव्हा ते ‘काचो’ आणि त्यांच्यासाठी इराश्शाइमासु. फोन उचलला की तेच ‘तानाका’ आणि ओरिमासु. घरातही तसंच. दुसऱ्याचे वडील ओतोसान, स्वतःचे बाहेरच्यासमोर चिचि.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न सुटतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी मला नानी उपयोगी पडली.

जपानी अदबीत, केइगोत, मुख्यतः दोन जोड्यांचा खेळ आहे. समोरच्याच्या कृतीसाठी एक क्रियापद, त्याला सोन्केइगो म्हणतात. स्वतःच्या कृतीसाठी वेगळंच क्रियापद, ते केन्जोगो. मराठी मुलांना हे अवघड जातं, कारण मराठीत क्रियापद तेच राहतं, प्रत्यय बदलतो. ‘ये’चं ‘या’ होतं, ‘बोल’चं ‘बोला’. पण उर्दू ज्याच्या कानावर पडलेली आहे त्याला ही गोष्ट नवी नाही. तुम्ही ‘फर्माते’, मी ‘अर्ज करतो’. जपानीत तुम्ही ओश्शारु, मी मोसु. तुम्ही ‘तशरीफ लाते’, मी ‘हाजिर होतो’. जपानीत तुम्ही इराश्शारु, मी माइरु. तुम्ही कागद ‘मुलाहिजा फर्माते’, जपानीत गोरान नि नारु. मी तोच कागद पाहिला तर हाइकेन सुरु. तुम्ही ‘नोश फर्माते’, जपानीत मेशिआगारु; मी खाल्लं तर इतादाकु.

आणि नानीचा गरीबखाना? जपानी इंजिनिअर ग्राहकाला लिहिताना स्वतःच्या कंपनीला हेइशा म्हणतो. त्यातल्या ‘हेइ’ या कांजीचा मूळ अर्थ जीर्ण, फाटका. समोरच्याच्या कंपनीला पत्रात किशा म्हणतो, ‘कि’ म्हणजे मौल्यवान, थोर. बोलताना किशाच्या जागी ओनशा. गरीबखाना आणि दौलतखाना, दुसरं काय? हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनीसुद्धा पत्रात स्वतःला हेइशाच लिहिते. त्यात लाचारी नाही. ते व्याकरण आहे. आपल्यातले काही मित्र म्हणतात, ही गोऱ्या-पिवळ्या साहेबांपुढे वाकण्याची भाषा आम्ही का शिकायची? त्यांना मी हेच सांगतो की समोरचा साहेबही तुम्हाला किशाच म्हणतो. वाकणं दोन्हीकडून आहे. (‘गोऱ्या-पिवळ्या’ हा शब्दही आपण सोडायला हवा, पण तो वेगळा विषय.)

मात्र उर्दूचा आधार एका ठिकाणी दगा देतो. क्रियापदांच्या जोड्यांत ती मदत करते, पण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना तीच आपल्याला चुकवते. कारण उर्दूतही आपल्या वडिलांसाठी आपण ‘तशरीफ ले गए हैं’ म्हणतोच. म्हणून मी स्वतःसाठी एक सवय ठरवली. वाक्य जुळवण्याआधी एवढंच विचारायचं: ही कृती कुणाची, आणि तो माझ्या बाजूचा की समोरच्या? उत्तर मिळालं की जोडीतलं क्रियापद आपोआप ठरतं. ही सवय बसायला मला तीन-चार महिने लागले.

एक चूक तर चांगल्या एन-२ वाल्यांकडूनही होते. ‘थांबा’ हे आदराने म्हणायला ‘ओमाचि कुदासाइ’ बरोबर. पण ‘माचि’ला ‘ओ’ लावल्यावर वाक्य अजून सभ्य करावं म्हणून मधे ‘शिते’ घालतात, ‘ओमाचि शिते कुदासाइ’. पुढे ‘ओ’ आणि मागे ‘सुरु’चं रूप आलं की ते क्रियापद नम्रतेचं होतं, म्हणजे ‘मी तुमच्यासाठी थांबतो’ या घरातलं. मग समोरच्यालाच आपण खाली ठेवलं. लांबी वाढली म्हणून आदर वाढत नाही. परीक्षेत चार पर्यायांतला सर्वांत लांब पर्याय डोळे झाकून निवडणारे इथेच आपटतात. तसंच ‘र्योकाइ शिमाशिता’चं. ‘समजलं’ या अर्थाने हा शब्द सहकाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात कानावर येतो आणि तोंडात बसतो. ग्राहकाला तो चालत नाही. तिथे ‘शोचि इताशिमाशिता’ किंवा ‘काशिकोमारिमाशिता’.

आता अदब चुकली की ड्रॉइंग चुकतं, असं वर म्हणालो, त्याची गोष्ट.

मी तेव्हा पुण्याजवळच्या एका कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. जपानी ग्राहकासाठी आम्ही एक बुश करत होतो. आतला व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स एच-७. म्हणजे छिद्र २५.००० ते २५.०२१ च्या मध्येच हवं, २१ मायक्रॉनची जागा. आमच्या मशीनवर ते जमत होतं, पण रीमर लवकर झिजत होते आणि तुकडे बाद होत होते. आम्ही विनंती केली की एच-८ चालेल का. म्हणजे २१ ऐवजी ३३ मायक्रॉन. आठवड्याने उत्तर आलं. त्यातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे: ‘गोतेइआन नो केन, शानाइ दे केन्तो इताशिमाशिता गा, गेनजो दे वा मुझुकाशिइ का तो झोन्जिमासु.’

त्या कारखान्यात जपानी वाचणारा मी एकटा. मी शब्दाला शब्द लावला. प्रस्तावाबाबत, कंपनीत, विचार केला, पण, सद्यस्थितीत, अवघड असावं, असं वाटतं. साहेबांना सांगितलं, ‘विचार करताहेत सर, अवघड आहे म्हणतात, पण नाही म्हटलेलं नाही.’ आमच्याकडे ‘अवघड आहे’ याचा अर्थ ‘जरा जोर लावा, होईल’ असाच असतो. साहेबांनी एच-८ गृहीत धरून नवीन रीमर मागवले आणि पुढच्या लॉटची तयारी सुरू केली. त्या लॉटमधले ४०० पैकी दीडशेच्या वर तुकडे २५.०२१ च्या पुढे गेले. जपानहून आलेल्या माणसाने गेज लावला, आमच्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं, आम्ही नाही म्हणून कळवलं होतं ना?

कळवलं होतं. पूर्ण कळवलं होतं. त्या वाक्यात नकाराच्या तीन खुणा होत्या आणि तिन्ही मला दिसल्या नव्हत्या. एक, केन्तो हे क्रियापद भूतकाळात आहे: विचार करून झाला. दोन, त्याच्या मागे ‘गा’ आहे, म्हणजे ‘परंतु’. तीन, मुझुकाशिइ. व्यवहारातल्या जपानीत ग्राहकाने मुझुकाशिइ म्हटलं की त्याचा अर्थ ‘कठीण’ नसतो, ‘होणार नाही’ असा असतो. ‘का तो झोन्जिमासु’ ही शेपटी नकाराला लावलेला मलम आहे, तिने अर्थ बदलत नाही.

‘केन्तो शिमासु’ असं नुसतं वर्तमानात आलं असतं तर दार थोडं उघडं राहिलं असतं. त्यातही खरं-खोटं ओळखायची एक रीत आहे, ती मला नंतर एका वयस्क जपानी बाईंनी शिकवली. नम्रपणे तारीख विचारायची: ‘इत्सु गोरो मादे नि ओहेनजि ओ इतादाकेमासु देशो का’, साधारण कधीपर्यंत आपलं उत्तर मिळू शकेल? तारीख आली तर विषय जिवंत आहे. तारीख न येता पुन्हा तेच वाक्य आलं तर तो नकार आहे, पुढच्या कामाला लागा. बीजेटीच्या ऐकण्याच्या भागात असे प्रश्न हमखास वाटतात. दोन माणसं बोलतात, एकजण ‘च्योत्तो…’ म्हणून वाक्य अर्धं सोडतो, आणि विचारलेलं असतं: याने होकार दिला की नकार? अर्धं वाक्य हेच उत्तर असतं. आणखी एक, ‘हाइ’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘हो’ नव्हे. पुष्कळदा ते आपलं ‘हं, बोला’ असतं.

तांत्रिक शब्दांकडे आता येतो, कारण नुसत्या अदबीवर पगार मिळत नाही.

बीजेटीत खास इंजिनिअरिंगचे शब्द फारसे विचारत नाहीत. ती ऑफिसची परीक्षा आहे: मुदत, तक्रार, दर, बैठक, आकड्यांचे तक्ते. पण कारखान्यातला शब्दसंग्रह आणि तो शब्दसंग्रह एकाच धाग्याने शिकता येतो. तो धागा म्हणजे शेवटची कांजी. आपल्याकडे ‘ता’ लावला की गुणधर्म होतो, लवचिकता, घनता, तसं जपानीत ‘दो’ लावला की मोजता येणारी पातळी होते. ओन्दो तापमान, कोदो कठीणपणा, नेन्दो चिकटपणा, सेइदो अचूकता. ‘रित्सु’ लावला की प्रमाण: फुर्योरित्सु म्हणजे बाद तुकड्यांचं प्रमाण, कादोरित्सु म्हणजे मशीन चालू असण्याचं प्रमाण. पुढे ‘ताइ’ लागला की ‘टिकणारा’: ताइनेत्सुसेइ उष्णतारोधकता, ताइशोकुसेइ गंजरोधकता. शंभर शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा अशा दहा कांजी पक्क्या केल्या, तर कधी न पाहिलेला शब्दही कागदावर उलगडतो.

कागदावर! ऐकताना मात्र हीच गोष्ट फसवते. जपानीत एकाच उच्चाराचे शब्द भरमसाट. शियो म्हणजे स्पेसिफिकेशन, आणि शियो म्हणजे वापर. कांजी वेगळ्या, आवाज एक. सेइदो म्हणजे अचूकता आणि सेइदो म्हणजे सरकारी योजना-पद्धतीतली ‘पद्धत’. कोसा म्हणजे टॉलरन्स आणि कोसा म्हणजे एकमेकांना छेदणं. एकटा शब्द ऐकून कुणालाच कळत नाही, जपानी माणसालासुद्धा नाही. शेजारच्या शब्दावरून कळतं. ‘शियो ओ हेन्को सुरु’ म्हणजे स्पेसिफिकेशन बदलणं, ‘शियो ओ चुशि सुरु’ म्हणजे वापर थांबवणं. म्हणून शब्द कधीच एकटा लिहून ठेवू नका. वहीत त्याचं क्रियापद त्याच्याबरोबर लिहा. एन-२ च्या याद्यांनी माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते हेच. माझ्याकडे हजारो एकटे शब्द होते.

कागदावरही आकड्यांशी लागून येणारे चार शब्द नीट पाहायचे. इजो म्हणजे ‘तेवढा किंवा जास्त’, इका म्हणजे ‘तेवढा किंवा कमी’. या दोन्हींत तो आकडा धरलेला असतो. मिमान म्हणजे ‘त्याहून कमी’, यात तो आकडा धरत नाहीत. आणि इनाइ म्हणजे ‘तेवढ्याच्या आत’, यात धरतात. ‘तोका इनाइ’ म्हणजे दहाव्या दिवसासकट. दुसऱ्या भागातल्या तक्त्यांच्या प्रश्नांत दोन पर्यायांतला फरक कधी कधी एवढाच असतो. आणि परदेशी शब्द ओळखीचा वाटला म्हणून हुरळून जाऊ नका. कुरेमु हा इंग्रजीतल्या ‘क्लेम’वरून आलाय, पण त्याचा अर्थ हक्क किंवा दावा नाही, तक्रार. ‘ग्राहकाकडून कुरेमु आला’ हे ऐकून मी एकदा अकाउंट्स विभागाकडे बोट दाखवलं होतं.

मग शिकायचं कशावरून? मी पुस्तक बंद करून एकच कागद घेतला होता. फुगुआइ होकोकुशो, म्हणजे दोषाचा अहवाल. त्या ४०० बुशचाच. तो जपानीत मलाच लिहावा लागला, शिक्षा म्हणून म्हणा. त्यात काय झालं हे आधी. मग गेनइन, कारण. मग झानतेइ ताइसाकु, तूर्तास केलेला उपाय: सगळे तुकडे एकेक तपासून वेगळे काढणं. मग कोक्यु ताइसाकु, कायमचा उपाय. आणि शेवटी साइहात्सु बोशि, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. या पाच-सहा शब्दांभोवती अख्खा अहवाल उभा राहतो. आणि प्रत्येक परिच्छेदात अदबीचा प्रश्न येतोच. तपासणी आम्ही केली, म्हणून ‘केन्सा इताशिमाशिता’. तुम्ही पाहून घ्यावं, म्हणून ‘गोकाकुनिन नो होदो योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’. आमची कंपनी हेइशा, तुमची किशा. तांत्रिक शब्द आणि नम्र क्रियापद एकाच वाक्यात, एकाच श्वासात. मी तो अहवाल चौदा वेळा लिहिला. ग्राहकाच्या माणसाने त्यात लाल शाईने दुरुस्त्या केल्या, त्या एका कागदाने मला जेवढं दिलं तेवढं तीन पुस्तकांनी दिलं नाही.

कारणाच्या जागी मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘तुमच्या मेलचा अर्थ स्पष्ट नव्हता’. त्याने ते खोडलं नाही, नुसतं बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. शेवटच्या मसुद्यात ते झालं, ‘हेइशा नो काकुनिन बुसोकु’, आमच्याकडून खात्री करून घेण्यात कमतरता. हे वाक्य माझ्या साहेबांना मान्य करायला लावणं हे जपानी शिकण्यापेक्षा अवघड होतं.

बीजेटीचा उदोउदो मला करायचा नाही. तीत बोलणं तपासत नाहीत, लिहिणंही नाही. जेएलपीटीतही नाही. म्हणजे चांगले गुण घेऊन जपानला पोचलेला मुलगा पहिल्या फोनवर घामाघूम होऊ शकतो, मी झालो आहे. बऱ्याच कंपन्या अर्जात पहिली चाळणी एन-२ चीच लावतात, बीजेटीचं नाव त्यांच्या फॉर्ममध्येही नसतं. म्हणून एन-२ सोडा असं मी म्हणत नाही. पण एन-२ झाल्यावर एन-१ च्या मागे दोन वर्षं घालवून दुर्मीळ कांजी आणि वर्तमानपत्री लेख घोटण्यापेक्षा, इंजिनिअरने तीच दोन वर्षं बीजेटीच्या वाटेने घालवावीत, हे माझं ठाम मत आहे. एका मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिच्या क्लासच्या शिक्षकांना राग आला. त्यांचंही बरोबर असेल, त्यांच्या फलकावर एन-१ च्या मुलांचे फोटो लागतात.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा मला ४४१ आले, जे-२. वाचनात विशेष फरक नव्हता, वाढलं ते ऐकण्यात.

सध्या रविवारी सकाळी आमच्या घरी पाच जण जमतात. दोन मेकॅनिकलचे, एक इलेक्ट्रिकलचा, दोघी आयटीच्या. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी पुस्तक काढत नाही. एकजण ग्राहक होतो, एकजण फोन उचलतो, आणि साहेब जागेवर नाहीत. आतापर्यंत प्रत्येकाने पहिल्या वेळी साहेबांना ‘सान’ लावला आहे. गेल्या रविवारी अम्मी चहा घेऊन आल्या आणि दारातच ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अपने साहब का नाम ऐसे ही लेते क्या वहाँ? मी म्हणालो, बाहेरच्यासमोर घेतात. त्या म्हणाल्या, ‘और बाप का?’ बापाचंही तसंच, म्हणालो. त्यांनी कप ठेवले आणि काही न बोलता आत गेल्या.